घाम गळतोय, पण वाळत नाहीये

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी पावणेसहाला शिवाजी पार्कहून वरळी सी फेसकडे निघालो, अंगात नवीन पांढरं सिंगलेट, डोक्यावर पांढरी कॅप, आणि डोक्यात एकच की 10 किलोमीटर एका तासात मारायचे. तिसऱ्या किलोमीटरला घड्याळात हार्ट रेट 148 होता, सातव्याला 169, आणि स्पीड मात्र तोच, 6 मिनिटाला एक किलोमीटर. कॅपच्या टोकावरून घाम असा टपटपत होता जसा पावसात पागोळ्यांतून पडतो. ऊन तर अजून आलंच नव्हतं! मग एवढी तयारी करून गेलो ती नक्की कशासाठी?

उन्हासाठी. आणि मुंबईत पहाटे पावणेसहाला प्रॉब्लेम उन्हाचा नसतोच, दमटपणाचा असतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि आपण दोन्हींवर एकच औषध घेतो. 2019 ला दोह्यात वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा बायकांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती, ऊन टाळायला. ऊन टळलं, पण तापमान 32 च्या वर आणि ह्युमिडिटी 70 टक्क्यांच्या पुढे. 68 जणी धावायला उतरल्या, त्यातल्या 28 जणींनी रेस अर्धवट सोडली, आणि या जगातल्या टॉपच्या धावपटू होत्या बरं का.

आता आत काय चालतं ते बघू, थोडा हिशोब आहे पण सोपा आहे. 65 किलोचा माणूस 10 किलोमीटर धावला की साधारण 650 कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी) खर्च होतात, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग, धरा 500, नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास 580 कॅलरी घेऊन जातो. म्हणजे तसं बघितलं तर एक लिटरात काम झालं. पण अट एकच, तो अंगावरच वाळला पाहिजे. कॅपवरून रस्त्यावर टपकलेला थेंब फुकट गेला, पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काही मिळाला नाही.

घाम वाळणार की गळणार हे ठरतं हवेत आधीच किती वाफ आहे त्यावर. त्यासाठी वेदर अॅपमध्ये ह्युमिडिटीपेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती डिग्रीपर्यंत गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा, तो जितका जास्त तितकी हवेत वाफ जास्त, कारण ह्युमिडिटीचा आकडा तापमान बदललं की बदलतो आणि फसवतो. पुण्यात थंडीतल्या सकाळी दवबिंदू 12 असेल आणि मुंबईत ऑक्टोबरात 24, तर मुंबईत घाम वाळायची ओढ पुण्यापेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी कमी असते. माझा साधा ठोकताळा असा की दवबिंदू 15 च्या आत असेल तर बिनधास्त पळा, 20 च्या पुढे गेला की जरा जपून, आणि 24 दिसला की टायमिंग घरी ठेवून निघायचं.

मग कपड्यांचं काय, काहीच उपयोग नाही का? आहे ना, पण कुठला कपडा कुठलं काम करतो ते कळायला हवं. पांढरा किंवा फिका रंग ऊन परतवतो, म्हणजे रविवारच्या लाँग रनला साडेआठ वाजले की त्याची किंमत कळते. अंधारात काळं घाला नाहीतर पांढरं, गरम व्हायच्या दृष्टीने फरक शून्य (उलट गाडीवाल्याला दिसावं म्हणून पांढरंच घाला). सिंगलेटचं काम मात्र दमट हवेत चोवीस तास चालू असतं, खांदे, काख, बाजू उघड्या राहतात आणि हवा थेट कातडीवर येते. घाम कातडीवर वाळला तर गारवा कातडीला मिळतो, जाड कापडाच्या बाहेरच्या बाजूला वाळला तर गारव्याचा बराचसा भाग कापड आणि हवाच खाऊन टाकते. म्हणून कॉटनचा टी-शर्ट नको, तो पाणी पिऊन जड होतो, अंगाला चिकटतो आणि हवा अडवतो. घरी येऊन एकदा पिळून बघा. पातळ पॉलिस्टरचं, जाळीचं, थोडं सैल सिंगलेट बरं, आणि ते घासतं तिथे, म्हणजे काखेत आणि छातीवर, आधी व्हॅसलिन लावा, नाहीतर पांढऱ्या सिंगलेटवर रक्ताचे दोन डाग घेऊन घरी याल, मी आलोय.

कॅप म्हणजे चेहऱ्यापुरती सावली. शिवाय घाम डोळ्यात जात नाही. पण जाड बंद कापडाची असेल तर डोक्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, त्यामुळे जाळीची घ्या किंवा वर उघडं असलेलं वायझर, आणि ऊन नसेल तर सरळ काढून कमरेला खोचा.

हे सगळं करून झालं तरी हवेतली वाफ कमी होत नाही, तिथे कुठल्याच ब्रँडचं काही चालत नाही. उरतो एकच नळ, स्पीड. परत तोच 65 किलोचा माणूस घ्या. त्याच्या अंगात फक्त 54 कॅलरी अडकल्या की शरीराचं तापमान 1 डिग्रीने वाढतं. 6 मिनिटांऐवजी पावणेसात मिनिटाला एक किलोमीटर केला तर तासाभरात उष्णता साधारण 55 कॅलरींनी कमी तयार होते, म्हणजे अख्खी एक डिग्री वाचली! 37 वरून 39 ला जाणं आणि 38 ला थांबणं, एवढा फरक आहे हा.

स्लो कधी करायचं? तोच स्पीड असताना हार्ट रेट चढत चालला की, माझा 148 चा 169 झाला तसा. रक्त एकाच वेळी पायांना पण हवं असतं आणि गार व्हायला कातडीकडे पण, त्यात घामाने पाणी कमी झालेलं, मग हृदय ठोके वाढवून भागवतं. तेव्हा ठोके धरून पळायचं, स्पीड जाईल तिकडे जाऊ दे. आणि भर गरमीत अंगावर काटा आला, थंडी वाजली, गरगरलं, तर स्लो नाही, थांबायचंच. दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं पळालं की शरीर सरावतं, घाम लवकर सुटायला लागतो, पण गावाहून परत आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जुनं टायमिंग काढायला जाऊ नका.

घाम येतोय म्हणजे सगळं ठीक, हा एक जुना गैरसमज. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांच्या मॅरेथॉनला स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस कॅप घातलेल्या अवस्थेत स्टेडियममध्ये आली ती वाकडीतिकडी झोकांड्या खात, शेवटचे 400 मीटर तिला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं, कारण तिला अजून घाम येत होता. ती नशिबाने लवकर सावरली. पण धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत पण असू शकतो हे आता पक्कं माहीत आहे, बघायचं असतं ते डोकं ठिकाणावर आहे का.

म्हणून ग्रुपमधला कोणी असंबद्ध बोलायला लागला, चिडचिड करायला लागला, सरळ चालता येईना, तर त्याला पाणी पाजत बसू नका, ठसका लागेल. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करायला सुरुवात करा, कारण पहिल्या अर्ध्या तासावर सगळं अवलंबून असतं. सावलीत आडवा करा, सिंगलेट-बूट काढा, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोक्यापासून पायापर्यंत टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला, वरून पाणी ओतत राहा, वारा घाला. सकाळी सहाला बर्फ कुठे मिळणार? आमच्या रूटवर कोळीवाडा आहे, मासळीवाल्यांना आम्ही आधीच विचारून ठेवलंय.