मिटिंगमध्ये एका मिनिटात काय बोलायचं? आधी हे वाचा, मग दुकानात या

व्यापाऱ्यांच्या मिटिंगमध्ये प्रत्येकाला आपल्या धंद्याची ओळख द्यायला एक मिनिट मिळतं, मग घंटी वाजते. अशी मिटिंग सकाळी असली की आदल्या रात्री आठ वाजता, शटर अर्धं खाली आलेलं असताना कोणीतरी येतंच. "भाऊ, कार्डं छापा अन् एका मिनिटाचं लिहूनही द्या." मग खिशातून मालाची यादी निघते, आणि त्यातलं काय खोडायचं यावर दहा वाजेपर्यंत आमचं भांडण चालतं. ते टळावं म्हणून हा कागद.

वरुडकडच्या एका ठिबकवाल्या गिऱ्हाइकाची यादी अशी होती: ठिबक, तुषार, मोटरपंप, पाइप, फवारणी पंप, ताडपत्री, फिटिंग, दुरुस्ती. सुरुवातीला व्यासपीठावरच्या मान्यवरांना नमस्कार, मग वडिलांनी दुकान कसं उभं केलं ते. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून त्यांना मोठ्यानं वाचायला लावलं. एक मिनिट पन्नास सेकंद! घंटी वाजली असती तेव्हा ते जेमतेम मोटरपंपावर पोचले होते. तुषार खोडा म्हटलं, तर म्हणाले, "मंग तुषारचं गिऱ्हाईक जाईन न भाऊ."

सारी गडबड इथंच होते. त्या हॉलमध्ये तुमचं गिऱ्हाईक बसलेलंच नसतं. असतात किराणावाले, विमा एजंट, ट्रॅक्टरचे मेकॅनिक, फोटोग्राफर. ठिबक त्यांना नको आहे, पण ठिबकवाले शेतकरी त्यांच्याकडे रोज येतात. यादी ऐकून त्यांना कोणाचाच चेहरा आठवत नाही. "कोणाला काही लागलं तर सांगा" यानंही आठवत नाही. नेमका माणूस आणि त्याची अडचण सांगितली, तर मात्र मेकॅनिकला लगेच आठवतं, की परवा ट्रॅक्टर घेऊन आलेला पाहुणा हेच रडगाणं गात होता.

त्यांना शेवटी आम्ही हे लिहून दिलं:

"नमस्कार, मी अमुक. संत्र्याच्या बागेत नळीत पाणी असतं, पण काही झाडांखालचे ड्रिपर कोरडेच राहतात. शेतकरी म्हणतो, ठिबक गेलं, आता नवं टाकू. पुष्कळदा नळी चांगली असते, ड्रिपरमध्ये पाण्यातला क्षार बसलेला असतो. तो मी ॲसिड ट्रीटमेंटनं काढतो आणि आधीचं-नंतरचं पाणी मापात धरून दाखवतो. आज मला एकच ओळख हवी आहे: पाच-सात वर्षं जुनं ठिबक असलेला, यंदा नवं टाकायच्या विचारात असलेला संत्रा बागायतदार. फक्त फोन जोडून द्या. मी अमुक, बस स्टँडमागचं ठिबकचं दुकान."

हे साधारण पाऊण मिनिटात होतं. आम्ही शंभर शब्दांच्या पुढं जात नाही, कारण उभं राहून बोलताना माणूस अडखळतो, मध्येच कोणी हसतं, माइक हातात यायला वेळ लागतो. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, डोळे जिभेपेक्षा फार जोरात पळतात. नाव दोनदा आहे ते मुद्दाम. पहिल्या वेळी खुर्च्या सरकत असतात, कोणी नीट ऐकत नाही. पाठ करायचं तर पहिलं वाक्य आणि "आज मला" पासून पुढचं. मधलं आपल्या बोलीत बोला, तुम्ही रोज तेच बोलता.

बाकीचा माल बुडत नाही. पुढच्या मिटिंगला फिल्टर घ्या, त्याच्या पुढच्या वेळी तुषार. किराणा दुकानाचं थोडं वेगळं आहे, कारण हॉलमधला प्रत्येकजणच तुमचं गिऱ्हाईक होऊ शकतो. तरी "सर्व किराणा मिळेल" म्हणू नका. "ज्यांच्या घरी दोन महिन्यांत लग्न आहे, त्यांची सामानाची यादी मला पाहू द्या" म्हणा.

जमलं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. चहाच्या वेळी शेजाऱ्याला विचारा, "माझं ऐकून कोण आठवलं?" त्यानं एखाद्या गावाचं, माणसाचं नाव घेतलं तर जमलं. "छान बोललात" एवढंच म्हणाला तर मागणी अजून मोघम आहे. ती दुरुस्त करायला आमच्याकडं या, पहिल्या दुरुस्तीचे पैसे घेत नाही.

काहीजण म्हणतात, शंभर शब्दांचे एवढे पैसे कशाचे? आम्ही आधी पंधरा-वीस मिनिटं तुम्हालाच प्रश्न विचारतो, पैसे त्याचे आहेत. म्हणून मिटिंगच्या तीन दिवस आधी या, आणि मालाच्या यादीऐवजी मागच्या महिन्यातल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाची हकिकत घेऊन या: तो कोणाच्या सांगण्यावरून आला, त्याची अडचण काय होती. कार्ड छापणार असाल तर तेही त्यानंतरच. पुढच्या बाजूला नाव-नंबर, मागं तुमच्या कामाची ती एकच ओळ. आदल्या रात्री आलात तर कार्डं मिळतील, लिहून मिळणार नाही.