ओला कचरा: स्थानिक खतनिर्मिती आणि दूरवाहतूक यांची खर्चतुलना (मराठवाडा)

स्वयंपाकघरातून, भाजीबाजारातून आणि खानावळींतून निघणाऱ्या कुजणाऱ्या कचऱ्याचे गावातच ढीग लावून खत करायचे, की तो गाडीत भरून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मोठ्या प्रकल्पात पाठवायचा, हे ठरवण्यासाठी दर टनामागे काढलेला हिशेब म्हणजे ही तुलना. मराठवाड्यात हा प्रश्न मुख्यतः क वर्ग नगरपरिषदांना आणि नगरपंचायतींना पडतो. त्यांच्याकडे रोजचा ओला कचरा तीन-चार टनच असतो. तेवढ्यासाठी मोठा प्रकल्प उभारणे परवडत नाही, आणि शेजारच्या महानगराचा प्रकल्प लांब पडतो. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 ने ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पुढच्या सगळ्या आकड्यांचे खरे-खोटेपण याच एका अटीवर ठरते.

तुलना समजण्यासाठी 30,000 वस्तीचे एक काल्पनिक शहर घेऊ. माणशी रोज 250 ग्रॅम कचरा धरला तर एकूण साडेसात टन होतो आणि त्यात सुमारे चार टन ओला. प्रकल्प 60 किलोमीटरवर आहे. खालचे दर नमुन्याचे आहेत. कोणत्याही नगरपरिषदेने त्यांच्या जागी आपल्या निविदेतले आणि हजेरीपटावरचे आकडे घालून बघावेत.

वाहतुकीचा हिशेब

चार टनांसाठी आठ टनांचा टिपर रोज अर्धा रिकामा जातो. दोन दिवसांचा कचरा साठवून एकदाच न्यावा असे वाटते खरे, पण एप्रिल-मेच्या उन्हात दुसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटतो आणि त्याचे असे पाणी वाहते की डेपोशेजारची वस्ती गप्प बसत नाही. म्हणून गाडी रोज निघते आणि जाऊन-येऊन 120 किलोमीटर धावते. लिटरला चार किलोमीटर आणि डिझेल 92 रुपये धरले तर 2,760 रुपये इंधनाचे. टायर-दुरुस्तीचे किलोमीटरला पाच रुपयांप्रमाणे 600. चालक आणि मदतनीस मिळून 1,200. चोवीस लाखांची गाडी आठ वर्षांत झिजते असे मानले तर रोजचे 820, आणि विमा-परवान्याचे 220. प्रकल्पाच्या दारात टनाला 500 रुपये शुल्क, म्हणजे 2,000. बेरीज 7,600 रुपये, म्हणजे टनाला 1,900.

या रकमेचे दोन भाग वेगळे करून पाहिले तरच तिचा उपयोग होतो. डिझेल आणि टायर अंतराबरोबर वाढतात. प्रकल्प एक किलोमीटर लांब गेला की टनाला सुमारे 14 रुपये जास्त लागतात. उरलेले 1,060 रुपये प्रकल्प वेशीबाहेर असला तरी द्यावेच लागतात. शिवाय ओल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते, बहुतेक वेळा वजनाच्या दोन तृतीयांश. चार टनांतले अडीच टन पाणी 60 किलोमीटर नेऊन तिथे ते वाफ होऊ द्यायचे, असा तो व्यवहार आहे. पावसाळ्यात तर गाडीवर ताडपत्री नसेल तर आभाळातले पाणीही वजनकाट्यावर चढते आणि त्याचे शुल्क भरावे लागते. ठेकेदाराचे बिल टनावर असेल तर ताडपत्री का विसरली जाते, हे मुकादमाला सांगावे लागत नाही.

गावातल्या खताचा हिशेब

चार टन रोज आल्यास ढिगांसाठी, पक्व होण्यासाठी, चाळणीसाठी आणि साठवणीसाठी मिळून वीसेक गुंठे जागा लागते. ढीग दीड मीटर उंच आणि बुडाशी तीन मीटर रुंद अशा लांब रांगेत लावतात. ओल्या कचऱ्यात पालापाचोळा, सोयाबीनचे भुसकट, बारीक केलेली पऱ्हाटी किंवा तुराट्या मिसळतात. नुसता भाजीपाला घातला तर ढीग बसतो, आत हवा जात नाही आणि सडका वास सुटतो. कार्बन आणि नत्राचे प्रमाण पंचवीस-तीसास एक असे ठेवायचे असते, ते या भुसकटामुळे साधते. आतले तापमान 55 अंशांवर निदान तीन दिवस राहिले तर रोगजंतू आणि तणाचे बी मरते. दर आठवड्याला ढीग पालटायचा, आणि सहा-सात आठवड्यांनी चाळणीकडे न्यायच्या आधी आणखी दोन-तीन आठवडे शांत ठेवायचा.

रोजचा खर्च असा: पाच मजूर आणि एक देखरेख करणारा मिळून 3,200, वीज 300, पाणी 300, भुसकट 300, ढीग पालटायला भाड्याच्या जेसीबीचा आठवड्याचा खर्च विभागून 340, यंत्रांची देखभाल 300, आणि चाळणीत निघणाऱ्या प्लॅस्टिक-काचेची वाट लावायला 200. फरशी, पत्र्याची शेड, कटर आणि चाळणी मिळून तीस लाख, ते दहा वर्षांत विभागले तर रोजचे 820. बेरीज 5,760, म्हणजे टनाला 1,440. वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, म्हणजे रोज 800 किलो खत निघते. त्यातले निम्मे जरी किलोला दोन रुपयांनी गेले तरी रोजचे 800 रुपये परत येतात आणि खर्च 1,240 वर उतरतो.

मराठवाड्याची काळी माती या हिशेबात एक गुपचूप भर घालते. मुरुम न भरता, मातीवर थेट पातळ काँक्रीट टाकले तर उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते आणि फरशी दोन वर्षांत तडकते. मग कचऱ्याचे पाणी खाली मुरते आणि जुलैत जेसीबीची चाके रुततात. तीस लाखांत मुरुमाचा थर धरलेला नसेल तर तो अंदाज कागदीच समजावा.

अंतराचा समतोल

खत एक किलोही विकले गेले नाही असे धरले तरी प्रकल्प सुमारे 27 किलोमीटरपेक्षा लांब असेल तर गावातले खत स्वस्त पडते. निम्मे विकले गेले तर हीच सीमा 13 किलोमीटरवर येते. 60 किलोमीटरला टनामागे बचत अनुक्रमे 460 आणि 660 रुपये आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी फरक आणखी स्पष्ट दिसतो. त्या दिवशी सडकी पालेभाजी, टोमॅटो आणि केळीची पाने मिळून कचरा दीडपट-पावणेदोनपट होतो. गाडी नीट भरली नाही किंवा आधीचा कचरा राहून गेला असला की दुसरी फेरी मारावी लागते. ढिगांच्या जागेवर तोच कचरा एका लांबलेल्या रांगेत मावतो.

हा सगळा फायदा मिश्र कचऱ्यापुढे टिकत नाही. घंटागाडीत ओले-सुके एकत्र पडले तर निवडायला तीन मजूर वाढतात, त्यांचे 1,500. टाकाऊ माल बारा टक्क्यांवरून चाळीसवर जातो आणि त्याच्या विल्हेवाटीचे आणखी 440 होतात. टनाचा दर 1,925 वर पोहोचतो, म्हणजे दूरवाहतुकीपेक्षाही जास्त, आणि काचा असलेले खत कोणी घेत नाही. अर्थात प्रकल्पही मिश्र कचरा त्याच दराने घेईलच असे नाही. तो गाडी परत पाठवतो किंवा जादा शुल्क लावतो. कचरा तीन टनांच्या खाली गेला तरी दर वाढतो, कारण कचरा अर्धा झाला म्हणून मजूर अर्धे होत नाहीत.

ढीग वाळतो तेव्हा

या भागातली सर्वांत फसवी चूक उन्हाळ्यात होते. पारा 42 वर गेला की उघड्या ढिगाचा वरचा भाग दोन-तीन दिवसांत कोरडा होतो. ओलावा तीस टक्क्यांखाली उतरला की जंतूंचे काम थांबते आणि तापमान खाली येते. माल काळसर, भुसभुशीत आणि बिनवासाचा दिसतो, म्हणून मुकादम खत तयार झाले असे समजतो. प्रत्यक्षात कुजणे अर्धवट राहिलेले असते. ओळखायची रीत सोपी आहे. त्या ढिगातले दोन-तीन पाट्या खत वेगळे काढून, मूठ वळली की लाडू बांधेल पण पाणी ठिबकणार नाही इतके ओले करायचे, पोत्यात दाबून भरायचे आणि पाच दिवस सावलीत ठेवायचे. पोते पुन्हा गरम झाले तर खत कच्चे आहे. असे कच्चे खत शेतात गेले की मातीतले जंतू ते कुजवायला जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि कपाशी पिवळी पडते. पुढच्या वर्षी तो शेतकरी फिरकत नाही.

उपाय म्हणजे पाणी. उन्हाळ्यात रोज हजार-दोन हजार लिटर लागते. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तिथे हे बोलायलाही अवघड जाते. सांडपाणी प्रक्रियेचे पाणी किंवा ढिगातून निघालेले पाणीच फिरवून वापरतात. ते पहिल्या पंधरवड्याच्या ढिगांवरच घालायचे, पक्व ढिगावर घातले तर रोगजंतू नव्याने शिरतात. ढिगावर जुनी पोती किंवा वाळलेल्या गवताचा थर टाकला तर पाण्याची गरज बरीच कमी होते. टँकर घ्यावा लागला तर पाण्याचा खर्च दुप्पट होतो, म्हणजे टनाला आणखी 75 रुपये. तेवढ्याने निकाल बदलत नाही, मात्र तो खर्च नसल्यासारखा धरणे चुकीचे ठरते.

विक्री

खत वर्षभर तयार होते, पण शेतकरी ते मृगाच्या पेरणीआधी एप्रिल-मेमध्ये मागतो, आणि तेही ट्रॉलीने, शेणखताच्या भावाशी ताडून. रोजच्या 800 किलोंचे सहा महिन्यांत सुमारे 145 टन होतात आणि ते कोरड्या छपराखाली ठेवावे लागतात. पॅकिंग करून विकायचे तर खत नियंत्रण आदेशातील निकष लागतात. त्यात कार्बन-नत्र गुणोत्तर 20 च्या आत आणि शिसे किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत अशा मर्यादा आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे शासकीय बोधचिन्ह आहे. शिसे आटोक्यात ठेवायचे तर बॅटरीचे सेल आणि रंगीत छपाईचे कागद ढिगात येऊ नयेत, म्हणजे पुन्हा घरातल्या वर्गीकरणाकडेच यावे लागते.

न मोजलेला धोका

टनाच्या दरात न बसणारी एक गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या दारातली नाराजी. फेब्रुवारी 2018 मध्ये औरंगाबाद शहराच्या कचरागाड्या नारेगावच्या परिसरातल्या ग्रामस्थांनी रोखल्या. शहरात आठवडेच्या आठवडे कचरा साचला, आणि त्यानंतर महानगरपालिकेला चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा वेगवेगळ्या ठिकाणी प्रक्रिया विभागावी लागली. दूरच्या प्रकल्पावर विसंबलेल्या छोट्या गावाला असा अडथळा आला तर ओला कचरा दोन दिवसांपलीकडे थांबवता येत नाही. म्हणून ज्यांनी वाहतुकीचा करार केला आहे, त्यांनीही आठवडाभराच्या कचऱ्यासाठी ढीग लावता येतील एवढी जागा, मुरुमासकट, तयार ठेवलेली बरी.