फवारणीच्या औषधाची बाटली आणि बियाण्याची पिशवी घेताना काय बघायचं: आमच्या ग्राहकांसाठी

बनावट औषध ओळखायचं कसं, असं आम्हाला दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकांची समजूत अशी की छपाई फिकट असली किंवा नावात एखादं अक्षर चुकलं असलं की माल नकली. पूर्वी ते खरं होतं. आता लेबल हुबेहूब छापून मिळतं, आणि पुष्कळदा बाटलीही खरीच असते, कुणाच्या तरी बांधावरून गोळा केलेली. त्यामुळे नाव आणि चित्र बघून काही कळत नाही. कळतं ते लेबलावर नंतर उमटवलेल्या मजकुरावरून, झाकणाखालच्या सीलवरून आणि नोंदणीच्या ओळीवरून.

गेल्या हंगामात बोरगावकडचे एक मामा दोन बाटल्या घेऊन आले. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी, दीडशे मिलीच्या. एकरी एक बाटली याप्रमाणे दोन एकर लागणीच्या उसाला खोडकिडीसाठी घेतल्या होत्या. गावात टेम्पो आला होता, स्वस्त मिळाल्या. एक वापरून झाली होती, तरी पोंगे मरायचे थांबले नव्हते. दुसरी सीलबंद होती. आम्ही त्या दोन्ही, आणि शेजारी आमच्या कपाटातल्या त्याच औषधाच्या दोन, काउंटरवर मांडल्या.

पहिल्यांदा बॅच नंबर बघितला. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा जुळत होता, म्हणून मामांना हायसं वाटलं. पण नुसता जुळणं पुरेसं नाही. कारखान्यात लेबल आधी छापून येतं. बॅच, उत्पादनाची तारीख, शेवटची तारीख आणि किंमत हे बाटली भरताना, चालत्या पट्ट्यावर, बारीक ठिपक्यांच्या शाईनं उमटतं. बाटली पट्ट्यावर जराशी हलते, त्यामुळे प्रत्येक बाटलीवर ती ओळ केसभर वरखाली किंवा तिरकी पडते. आमच्या दोन बाटल्यांवर तसंच होतं. मामांच्या दोन्ही बाटल्यांवर मात्र ओळ अगदी एकाच जागी, आणि बाकीच्या अक्षरांसारखीच गुळगुळीत. भिंग लावलं तरी ठिपके दिसेनात. म्हणजे बॅच नंबर लेबलासोबतच छापखान्यात छापलेला. एकच बॅच हजारो लेबलांवर छापून ठेवली, की माल कधीही भरा.

इथं एक सांगून ठेवतो. ओल्या किंवा तेलकट हातानं ही ठिपक्यांची शाई खऱ्या बाटलीवरचीही पुसट होते. त्यामुळे शाई पुसली म्हणून माल नकली, असं म्हणू नका. शिवाय काही कंपन्या तारखा वेगळ्या पद्धतीनं टाकतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, त्याच औषधाची दुसरी बाटली शेजारी ठेवून ताडून बघावी.

मग सीलबंद बाटलीचं झाकण उघडलं. खऱ्या बाटलीच्या तोंडावरचा चंदेरी पत्रा उष्णतेनं प्लॅस्टिकला चिकटवलेला असतो. तो नखानं सहज सुटत नाही, फाडावा लागतो आणि काठावर त्याचा थर राहतो. मामांच्या बाटलीवरचा पत्रा एका बोटानं अख्खा निघाला आणि काठाला डिंकासारखं काहीतरी लागलं. झाकणाच्या खालची तुटायची कडीही अर्धवट तुटलेली होती. रिकामी बाटली पुन्हा भरली की चूक नेमकी इथेच होते, कारण पत्रा चिकटवायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं.

शेवटी नोंदणीची ओळ. लेबलावर दोन वेगवेगळे क्रमांक असतात आणि लोक त्यात गोंधळतात. एक सीआयआरनं सुरू होणारा, म्हणजे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडची नोंदणी. ती विशिष्ट औषधाची आणि विशिष्ट कंपनीची असते, आणि त्या ओळीत बहुधा औषधाचं नावही लिहिलेलं असतं. दुसरा क्रमांक कारखान्याच्या उत्पादन परवान्याचा, तो राज्य सरकार देतं. मामांच्या बाटलीवर सीआयआरच्या ओळीत क्लोरपायरीफॉसचं नाव होतं! लेबल बनवणाऱ्यानं दुसऱ्याच बाटलीवरून ती ओळ उचलली होती. क्लोरपायरीफॉसचा त्रिकोण पिवळा असतो, क्लोरँट्रानिलिप्रोलचा हिरवा. त्रिकोण मात्र त्यानं बरोबर छापला होता. तो सगळ्यांना दिसतो ना, म्हणून.

'आयएसओ' किंवा 'सेंद्रिय' असा शिक्का म्हणजे कीटकनाशक विकायची परवानगी नव्हे. 'जैविक टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर कीड मारण्याचा दावा असेल आणि सीआयआर क्रमांक नसेल, तर ती घेऊ नका.

बाटलीतलं औषध पाण्यात टाकून बघायची पद्धतही आपल्याकडे आहे. इसी औषध पाण्यात दुधासारखं पांढरं होतं. न झालं तर शंका घ्यावीच, पण झालं म्हणजे औषध खरं असं नाही. दूध व्हायला त्यात मिसळक द्रव्य असलं की पुरे, मारक घटक किती आहे ते कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते. आम्हीही सांगू शकत नाही.

बियाण्याचं थोडक्यात. सोयाबीनच्या प्रमाणित पिशवीला निळी चिठ्ठी असते, कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या बियाण्याला हिरवी. हिरवी म्हणजे नकली, असं अजिबात नाही. बघायचं ते शिवणीत. चिठ्ठी शिवणीच्या दोऱ्यात अडकलेली असावी, आणि दोऱ्याच्या भोकांची एकच ओळ असावी. शेजारी जुन्या भोकांची दुसरी ओळ दिसली, तर पिशवी उसवून पुन्हा शिवलेली आहे. मग चाचणीची तारीख बघा. मुदत त्या तारखेपासून नऊ महिने. १० ऑक्टोबरला चाचणी झालेलं बी ९ जुलैपर्यंत चालतं. तारखेवर दुसरी पट्टी चिकटवलेली असेल तर ती पिशवी परत करा. सोयाबीन लवकर जीव सोडतं, म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सत्तरपेक्षा कमी उगवले तर लॉट नंबर घेऊन आमच्याकडे या. सत्तर उगवले तरी जात तीच आहे का, हे यातून समजत नाही.

परवाना आणि बिलाचं आपल्या सीमेवर जरा वेगळं आहे. विक्रेत्याचा परवाना त्या राज्याचा आणि त्या दुकानाच्या पत्त्याचा असतो, फिरत्या टेम्पोचा नसतो. कागल किंवा गडहिंग्लजला घेतलेल्या मालाची तक्रार महाराष्ट्राच्या कृषी खात्याकडे जाते. निपाणी, चिकोडीत घेतलेल्याची आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात किंवा तालुक्याच्या सहाय्यक कृषी निर्देशकांकडे. बिलावर औषधाचं नाव, बॅच किंवा लॉट, तारीख आणि परवाना क्रमांक आहे का ते काउंटरवरच वाचा. मामांकडे बिल नव्हतं, त्यामुळे बाटल्या दाखवण्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही. अधिकारी विक्रेत्याकडच्या सीलबंद मालाचा नमुना घेतात, आणि तो टेम्पो पुन्हा आलाच नाही.

म्हणून एक बाटली आणि बिल पीक निघेपर्यंत जपून ठेवा. बियाण्याची पिशवी चिठ्ठीसह, आणि मूठभर बीही. बाकीच्या रिकाम्या बाटल्या तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, लेबल फाडा आणि तळाला खिळ्यानं भोक पाडा. भंगारवाला चांगल्या बाटलीला जास्त पैसे देतो, ते याच कामासाठी.