फिशटँकमधल्या पाण्याचं तापमान

घरच्या टँकमधल्या बहुतेक माशांना, म्हणजे गप्पी, मोली, एंजल, फायटर वगैरेंना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. डिस्कसला २८ ते ३० लागतं, गोल्डफिश मात्र थंड पाण्यातला, त्याला २० च्या आसपास बरं वाटतं. म्हणून गोल्डफिश आणि डिस्कस एका टँकमध्ये ठेवू नयेत, दुकानदार काहीही सांगो.

पण आकड्यापेक्षा जास्त घात करतो तो अचानक झालेला बदल. माशाला स्वतःची ऊब नसते, पाणी जितकं गार तितकंच त्याचं अंग गार. तापमान हळूहळू उतरलं तर त्याच्या पेशींच्या आवरणातली चरबी बदलते आणि शरीर नव्या तापमानाला जुळतं, पण याला दिवस, कधी आठवडे लागतात, म्हणून बाहेरच्या हौदातला गोल्डफिश हिवाळा आरामात काढतो आणि तोच मासा दहा मिनिटांत पाच अंश उतरलं तर गळपटतो. अशा धक्क्याने ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढतं आणि रोगप्रतिकारशक्ती पडते.

हे बहुतेक वेळा घडतं पाणी बदलताना. समजा ६० लिटरचा टँक २६ अंशावर आहे आणि डिसेंबरात पुण्यात सकाळी नळाचं पाणी १८ अंश आहे. २० लिटर काढून तेवढंच नळाचं ओतलं की टँक सरळ २३.३ वर येतो, म्हणजे जवळपास तीन अंश, तेही काही मिनिटांत! तेच ६ लिटर बदललं असतं तर एक अंशही उतरला नसता. जास्तच बदलायचं असेल तर बादलीत १८ लिटर नळाच्या पाण्यात साधारण २ लिटर उकळतं पाणी मिसळा, थर्मामीटर बुडवून बघा (हाताचा अंदाज इथे फसतो), क्लोरीन घालवायचं औषध टाका आणि मगच ओता.

धक्का बसलाय हे कळतं कसं, तर पर अंगाला चिकटवून मासा तळाशी किंवा हीटरजवळ बसतो, खाणं सोडतो. चारपाच दिवसांनी अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो व्हाईट स्पॉट, आणि लोक तेव्हा खाण्याला दोष देतात, पाणी बदललेलं विसरूनच गेलेले असतात.

उन्हाळ्यात उलटं. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच तापलेलं असतं, ते थेट सोडलं की दुहेरी मार बसतो, कारण २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तो ३० ला साडेसातवर येतो, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी एअर पंप जोरात करा. बर्फाचे खडे टँकमध्ये टाकू नका, तो दुसरा झटका होतो.