हनी कॉफीत मध नसतो: या नावामागची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका दुकानात एका काकूंनी हनी कॉफीचं पाकीट उचलून विचारलं, "यात मध आहे का हो, ह्यांना शुगर आहे," आणि काउंटरवरच्या पोरानं सरळ "हो, थोडासा असतो" म्हणून सांगितलं. काकूंनी पाकीट परत ठेवलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्यात मधाचा थेंबही नसतो, हनी हे कॉफीची बी वाळवायच्या एका पद्धतीचं नाव आहे, म्हणून हे लिहितोय.

कॉफीचं पिकलेलं लाल फळ बोटांनी दाबलं की बी सटकन बाहेर येते आणि हाताला चिकट गर लागतो. गुऱ्हाळात काकवी बोटाला लागल्यावर कसं चिकटतं ना, अगदी तसंच, धुतल्याशिवाय जात नाही. स्पॅनिशमध्ये या गराला मिएल म्हणजे मध म्हणतात आणि इंग्रजीत त्याचंच हनी झालं. आपल्याकडं कुणी त्याला काकवी कॉफी म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

फळातून बी काढून वाळवायची सगळ्यात जुनी पद्धत नॅचरल, म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवायचं आणि वाळलं की साल फोडून बी काढायची. येमेन आणि इथिओपियाच्या कोरड्या हवेत ते जमायचं, दमट पावसाळी मुलखात मात्र फळ वाळायच्या आधीच बुरशी धरायची, म्हणून तिथं वॉश्ड रुजलं. साल काढायची, बिया टाकीत साधारण १२ ते ३६ तास आंबवायच्या, मग धुवायच्या. गर सुटला की नाही हे अजूनही हातानंच बघतात, बिया चोळल्यावर बुळबुळीतपणा जाऊन खड्यांसारखा खरखर आवाज आला की झालं. जास्त वेळ राहिली की व्हिनेगरसारखा वास येतो आणि तो वास भाजूनही जात नाही.

आपल्याला जवळच्या कर्नाटकात हे दोन्ही प्रकार चालत आले, फक्त नावं वेगळी. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, त्यात वॉश्ड अरेबिका म्हणजे प्लँटेशन, वॉश्ड रोबस्टा म्हणजे पार्चमेंट आणि नॅचरलला म्हणायचं चेरी. त्यामुळं पाकिटावर 'रोबस्टा चेरी' दिसलं की फळाचा फ्लेवर टाकलाय असं समजू नका, ती सालीसकट वाळवलेली रोबस्टा असते.

हनी यांच्या मधला आणि बराच नवा. १९९० च्या दशकात ब्राझीलमध्ये साल काढून गर तसाच ठेवून वाळवायची पद्धत पसरली, त्याला पल्प्ड नॅचरल म्हणायचे. २००० नंतर कोस्टा रिकात छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या छोट्या मिल टाकल्या, त्यांनी तेच काम बारकाईनं केलं आणि हनी हे नाव जगभर गेलं. पाणी कमी लागतं हाही मोठा फायदा होता. पण मग यलो, रेड, ब्लॅक अशी नावं आली आणि माझ्या मते खरी अडचण इथंच आहे. यलो म्हणजे ढोबळमानानं गर कमी ठेवून उन्हात पटकन वाळवलेलं, ब्लॅक म्हणजे सगळा गर ठेवून सावलीत दोन-तीन आठवडे हळू वाळवलेलं, रंग वाळलेल्या गराचा. पण किती गर म्हणजे रेड याचं सगळीकडं चालणारं माप नाही, एकाचं रेड ते दुसऱ्याचं ब्लॅक. त्यामुळं रंग न विचारता किती दिवस आणि कुठं वाळवलं ते विचारा. पहिले दोन-तीन दिवस तर जिवावरचे असतात, बियांचे गठ्ठे होतात, दिवसातनं अनेकदा हलवावं लागतं, त्यात ढग आले तर आंबट वास सुटतो.

चवीचं म्हणाल तर गराची साखर बीमध्ये मुरते असं सर्रास सांगतात, ते इतकं सोपं नाही. बी जिवंत असते, साल काढून भिजवली की रुजायची तयारी सुरू करते आणि आतली ग्लुकोज, फ्रुक्टोज वापरते, म्हणून वॉश्डमध्ये या साखरा कमी सापडतात. वर गरात यीस्ट आणि बॅक्टेरिया किती दिवस काम करतात यावर फळाचा वास ठरतो. एकाच बागेचं फळ तिन्ही तऱ्हेनं केलं तर वॉश्डच्या कपात आंबटपणा स्वच्छ आणि वेगळा कळतो, नॅचरल जड लागतं, पिकलेल्या फळाचा आणि थोडा वाइनसारखा वास येतो, आणि हनीत आंबटपणा मवाळ होऊन गोडवा पुढं येतो, काळ्या गुळाकडं झुकणारा.

घरी तपासायचं असेल तर हलक्या भाजलेल्या बीच्या मधली चीर बघा. वॉश्डमध्ये ती पांढुरकी राहते, नॅचरलमध्ये तपकिरी होते आणि हनीत बहुतेक वेळा या दोन्हीच्या मधली.