योम किप्पूरचा उपास: मागची गोष्ट आणि ऑफिसात काय सांभाळायचं

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योम किप्पूरसाठी, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी, मी एका दिवसाची सुट्टी टाकते आणि परत आले की तेच प्रश्न येतात, म्हणजे पाणी पण नाही? फळं, साबुदाणा काहीच नाही? मग दिवसभर करता काय? विचारणारे प्रेमानेच विचारतात त्यामुळे राग अजिबात येत नाही, पण चहाच्या मशीनपाशी उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाहीये, म्हणून नीट मागपासून लिहितेय. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरी मराठीच बोलतो.

सुरुवात तोरापासून, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथापासून. लेवीय नावाच्या पुस्तकात सांगितलंय की सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कुठलंही काम करू नका आणि स्वतःला कष्ट द्या, या संध्याकाळपासून त्या संध्याकाळपर्यंत. तो महिना म्हणजे तिश्री. आता गंमत बघा, यात "जेवू नका" असं सरळ कुठेच म्हटलेलं नाही, "कष्ट द्या" एवढंच आहे. त्या कष्टाचा अर्थ काय, त्यात नेमकं काय काय येतं, हे ठरवण्यात पुढच्या पिढ्या गेल्या, आणि ऑफिसात तुम्हाला जे विचित्र वाटतं ते बरंचसं तिथून आलंय.

जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष एका माणसावर असायचं, मुख्य याजकावर. सात दिवस आधी त्याला घरातून आणून मंदिराच्या आवारात वेगळं ठेवायचे, त्याला काही झालं तर हाताशी असावा म्हणून दुसरा याजकही तयार ठेवायचे. आदल्या रात्री त्याला झोपू द्यायचे नाहीत, डोळा लागायला लागला की तरुण याजक त्याच्यापुढे चुटक्या वाजवायचे आणि म्हणायचे, उठा, जरा गार फरशीवर उभे राहा. दिवसभरात त्याने पाच वेळा आंघोळ करायची. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक देवासाठी आणि दुसरा लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात नेऊन सोडायचा. आणि वर्षातून फक्त याच दिवशी तो मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात जायचा, एकटा, पांढऱ्या तागाच्या साध्या कपड्यात.

इसवी सन 70 मध्ये रोमन लोकांनी ते मंदिर पाडलं. याजक, बोकड, गाभारा, सगळंच गेलं, उरला तो उपास आणि प्रार्थना. जो विधी एक माणूस सगळ्यांच्या वतीने करायचा तो आता प्रत्येकाच्या अंगावर आला, आणि म्हणूनच आज आम्ही जवळजवळ अख्खा दिवस सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात असतो. आदल्या संध्याकाळची धरून पाच प्रार्थना होतात, त्यातली शेवटची नेइला, म्हणजे दारं बंद व्हायच्या वेळेची, आणि ती फक्त याच दिवशी असते. मुख्य याजकाचं ते सगळं वर्णन अजूनही दुपारच्या आधीच्या प्रार्थनेत वाचलं जातं.

मग साधारण इसवी सन 200 च्या सुमाराला मिश्ना नावाचा नियमांचा संग्रह तयार झाला, त्यात या दिवसावर एक पूर्ण प्रकरण आहे, योमा. तिथे कष्ट म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलंय: खाणं-पिणं नाही, अंग धुणं नाही, अंगाला तेल किंवा सुगंधी काही लावणं नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत आणि नवरा-बायकोचे संबंध नाहीत. हे पाच. निर्जळी एकादशी करणारी आजी ज्यांनी पाहिलीय त्यांना पाण्याचं लगेच कळतं, बाकीच्या चारांचं मात्र सांगावं लागतं. कुणी चांगल्या कपड्यांवर कॅनव्हासचे शूज किंवा प्लास्टिकच्या चपला घालून दिसला तर तो विसरलेला नाही, मुद्दाम घातलेत. कामाची बंदी या पाचांपेक्षा वेगळी, ती शब्बाथसारखीच, आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखीच आहे, म्हणजे काटेकोर पाळणारा माणूस गाडी चालवत नाही, लिहीत नाही, फोनला हात लावत नाही.

पण त्याच प्रकरणात सवलतीही आहेत आणि मला त्या नियमांपेक्षा जास्त आवडतात. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने पायात घालावं, गार लागू नये म्हणून. गरोदर बाईला वास येऊन खायची अनावर इच्छा झाली तर तिला बरं वाटेपर्यंत खायला द्यावं. आजारी माणसाला जाणकारांच्या सांगण्यावरून द्यावं, आणि जाणकार कुणी नसेल तर तो स्वतः म्हणेल त्यावरून. नंतरच्या तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, तर असंय की वैद्य म्हणत असतील गरज नाही आणि रोगी म्हणत असेल आहे, तर रोग्याचं ऐका, कारण आपल्या जिवाचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं. जिवाला धोका असेल तिथे उपास सोडणं हा पळपुटेपणा नाही, तोच धर्म आहे. लहान मुलांनाही उपास नसतो, मुलगी 12 ची आणि मुलगा 13 चा झाला की लागू होतो.

म्हणून माझी पहिली विनंती ही की कुणी ज्यू सहकारी त्या दिवशी पाणी पिताना दिसला तर "अरे, तुझा उपास ना?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. शुगर असेल, गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील आणि अजून कुणाला सांगितलं नसेल, किंवा तो पाळतच नसेल, काहीही असू शकतं आणि ते त्याला तुमच्यापुढे मांडायला लागू नये.

आता आमच्या कोकणाबद्दल. आमच्यात परंपरेने सांगतात की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात जोडपी वाचली आणि पुस्तकं समुद्रात गेली. कितीतरी पिढ्या हिब्रू प्रार्थना जवळजवळ नाहीत, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाहीत, बाकी ज्यू जगाशी संबंध नाही, गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. एवढं सगळं विसरलं गेलं तरी हा उपास राहिला. त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे, पांढरे कपडे घालून घराची दारं लावून आत बसायचे, त्या दिवशी बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांकडे भेटायला जायचं. मुंबईत पहिलं सिनेगॉग झालं ते 1796 मध्ये, तोवर हा सण घराघरातच टिकला होता.

काम आणि हा दिवस यांची टक्कर जगाने पाहिली ती 1965 मध्ये अमेरिकेत. लॉस एंजेलिस डॉजर्स बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये होते, पहिली मॅच 6 ऑक्टोबरला, नेमकी योम किप्पूरला, आणि त्यांचा सगळ्यात भारी पिचर सँडी कूफॅक्स ज्यू. तो त्या दिवशी खेळला नाही. टीम ती मॅच हरली, पण त्याच्या जागी दुसरा उतरला, सिरीज पुढे चालली आणि शेवटची मॅच कूफॅक्सनेच जिंकून दिली. अमेरिकेतले ज्यू लोक अजूनही हे सांगतात, कारण इतकं मोठं काम असूनही नाही म्हणता येतं हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आणि खरं सांगू का, ऑफिसात सांभाळून घेणं म्हणजे आमच्यासमोर डबा न उघडणं नव्हे. बरेच जण त्या दिवशी ऑफिसात नसतातच, आणि जे येतात त्यांच्यासमोर तुम्ही बिनधास्त जेवा. फक्त आग्रह नको, आणि टीम लंच तेवढं त्या दिवशी ठेवू नका. खरी अडचण कॅलेंडरची होते, कारण सण सूर्यास्ताला सुरू होतो आणि रजा मात्र तारखेने टाकायची असते.

2026 चंच घ्या. योम किप्पूर रविवार 20 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी 21 तारखेला रात्री संपतो, म्हणजे साधारण 25 तास. आपल्याकडे तेव्हा गणपती बसलेले असतील. समजा तुम्ही पुण्यात आहात आणि तुमचा सहकारी न्यूयॉर्कला. तिथे रविवारी संध्याकाळी सातच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट झालेली असते. त्याचा उपास सुटेपर्यंत आपली मंगळवारची पहाट होते. म्हणजे सोमवारी संध्याकाळचा तुमचा कॉल होणार नाही, तो मंगळवारी संध्याकाळी भेटेल. इस्रायलची टीम असेल तर अजून वेगळं, तिथे कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार, सणाचा आदला दिवस रविवार म्हणून तो जेमतेम अर्धा किंवा सुट्टीच, सोमवारी सगळा देश बंद, विमानतळसुद्धा. म्हणजे तुमचं महत्त्वाचं काम गुरुवार 17 तारखेच्या आत उरकायला हवं. आणि शुक्रवारी 25 तारखेच्या संध्याकाळी लगेच सुक्कोत हा पुढचा सण लागतो, त्यामुळे त्या आठवड्यात रिलीज ठेवली तर मंगळवार ते गुरुवार एवढीच माणसं मिळतील, तीही सगळी नाहीत.

आदल्या संध्याकाळचंही लक्षात ठेवा. सूर्यास्तापूर्वी घरी पोचून शेवटचं जेवण नीट झालं पाहिजे, बरेच जण त्यात तिखट-मीठ कमी ठेवतात म्हणजे तहान लागत नाही. ज्यांना दिवसाला चार कॉफ्या लागतात ते आठवडाभर आधी कमी करत आणतात, नाहीतर उपासापेक्षा डोकेदुखीच जास्त छळते. सण कामाच्या दिवशी सुरू होत असेल तर पाचची मीटिंग दुपारी एकला घ्या, त्यात जेवढी मदत आहे तेवढी कुठल्याच शुभेच्छांत नाही.

शुभेच्छा द्यायच्याच असतील तर "हॅपी योम किप्पूर" नको, तो आनंदसोहळ्याचा दिवस नाही. "उपास सोपा जावो" म्हणा, पुरे. हिब्रूत म्हणायचं असेल तर "ग्मार खतीमा तोवा", येत्या वर्षासाठी तुमच्या नावापुढे चांगल्याचं शिक्कामोर्तब होवो असा त्याचा अर्थ.

आणि एक गोष्ट, जी सहकाऱ्यांना सगळ्यात जास्त चकित करते. त्या आधीच्या दिवसांत आमच्यातल्या कुणाचा तरी अचानक मेसेज येतो, वर्षभरात माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं असेल तर माफ कर. लोक घाबरतात, नोकरी सोडतोय की काय, आजारी आहे की काय. तसं काही नसतं. योमामध्येच लिहिलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या चुका हा दिवस धुऊन काढतो, पण माणसाने माणसाचं काही वाईट केलं असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय हा दिवस काहीही करू शकत नाही. सकाळच्या प्रार्थनेत संदेष्टा यशयाचं जे वाचन होतं तेही याच अंगाने जातं, उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, कामगारांना राबवता, असला उपास कुणी मागितला, त्यापेक्षा भुकेल्याला आपली भाकर द्या.

तेव्हा असा मेसेज आला तर "अरे वेडा आहेस का, कसली माफी" म्हणून उडवून लावू नका. मनात काही नसेल तर "माझ्याकडून काही नाही, मलाही माफ कर" एवढं लिहा. आणि खरंच काही खुपत असेल, त्या अप्रेझलच्या वेळचं म्हणा की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलल्याचं म्हणा, तर सांगून टाका, तो त्यासाठीच विचारतोय.