रॅकवरची पट्टी, पुड्यावरचा छाप आणि बिलातला आकडा

ठाण्याच्या एका सुपरमार्केटात गेल्या वर्षी मी चहाचा अर्धा किलोचा पुडा घेतला. रॅकवरच्या पट्टीवर लिहिलं होतं २४९ रुपये. घरी येऊन बिल पाहिलं तर त्याच पुड्याचे २६५ लागले होते. बिलात एमआरपीच्या रकान्यात २८५ होतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘तुमची बचत २० रुपये’. मग पुडा हातात घेऊन छापील किंमत पाहिली. ती होती २६०.

म्हणजे वीस रुपये वाचल्याचं सांगणाऱ्या त्या बिलात मी छापील कमाल किमतीपेक्षा पाच रुपये आणि पट्टीपेक्षा सोळा रुपये जास्त दिले होते. दुसऱ्या दिवशी पुडा आणि बिल घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने सुपरवायझरला बोलावलं, त्यांनी पुडा पाहिला आणि सोळा रुपये परत केले. वाद झाला नाही. पण एकाच पुड्याला चार आकडे आले कुठून, हा प्रश्न मनात राहिला, आणि त्याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पुड्यावर किंमत छापण्याची सक्ती भारतात आली ती १९७६ च्या वजनमापांच्या कायद्याखाली. १९७७ मध्ये आवेष्टित वस्तूंचे नियम झाले आणि वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष यांच्या जोडीने किंमतही छापणं भाग पडलं. पण त्यात एक मोठी फट होती. उत्पादकाला दोन पर्याय होते: सगळे कर धरून किंमत छापा, नाहीतर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहा. बहुतेकांना दुसरा पर्याय सोयीचा होता, कारण विक्रीकर राज्यागणिक वेगळा आणि आपल्याकडे शहराच्या वेशीवर जकात. या ‘कर वेगळे’मध्ये नक्की किती रुपये बसतात हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नव्हता. दुकानदार सांगेल तो कर. ज्यांनी ऐंशीच्या दशकात साबणाच्या वडीवर ‘लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा’ वाचलं असेल, त्यांना हे लगेच आठवेल.

१९९० मध्ये नियम बदलला आणि ‘सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत’ छापणं सक्तीचं झालं. आज आपण ज्याला एमआरपी म्हणतो ती खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची. पुढे वजनमापांसाठीच २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आला, १ एप्रिल २०११ पासून त्याखालचे नवे नियम लागू झाले, पण गाभा तोच राहिला: छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही आणि छापलेली किंमत खोडायची, पुसायची, बदलायची नाही. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीची चिकटपट्टी लावता येते, पण तीही मूळ आकडा झाकणार नाही अशी.

एमआरपी ही वरची मर्यादा आहे आणि ती सरकार ठरवत नाही. उत्पादक ती स्वतः ठरवतो. त्यामुळे तो ती ऐसपैसही ठेवू शकतो, आणि ठेवतोही, कारण वितरक आणि दुकानदार यांचा नफा तिच्यातूनच जायचा असतो. दुकानाने त्याखाली कितीला विकावं यावर हे नियम काहीही बोलत नाहीत. ‘बचत’ एमआरपीपासून मोजली जाते, म्हणून एमआरपी जितकी उंच तितकी बचत मोठी दिसते. वस्तू स्वस्त मिळाली की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सवलत देऊन वर कर लावायची जुनी खोडही बरीच वर्षं टिकली. कपड्यांच्या आणि बुटांच्या दुकानांत ‘सरसकट ४० टक्के सूट’ असा फलक असे आणि बिल करताना उरलेल्या रकमेवर व्हॅट चढवला जाई. छापील किमतीत कर आधीच धरलेला असताना सूट दिलेल्या किमतीवर तो पुन्हा लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये एका निकालात ठरवलं.

आता बारकोडकडे वळू, कारण माझ्या पुड्याची खरी गोष्ट तिथेच आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी सुपरमार्केटच्या काउंटरवर पहिल्यांदा बारकोड वाचला गेला. वस्तू होती च्युइंगमचं पाकीट. त्याआधी तिथे प्रत्येक डब्यावर किमतीचा शिक्का किंवा चिठ्ठी असायची. बारकोड आल्यावर दुकानांना ती चिकटवायची गरज उरली नाही, रॅकवर एक पट्टी लावली की भागलं. ग्राहक संघटनांनी तेव्हाच विरोध केला: पट्टीवर एक आणि यंत्रात दुसरीच किंमत असली तर आम्हाला कळणार कसं? काही राज्यांनी त्यावरून प्रत्येक वस्तूवर किंमत लावायचा कायदाच केला. मिशिगनमध्ये तो २०११ पर्यंत टिकला.

आपल्याकडे सुपरमार्केटं फोफावली ती २००० नंतर, आणि तोवर पुड्यावर छापील किंमत असणं इतकं अंगवळणी पडलं होतं की ही शंका फारशी कोणी काढली नाही. पुड्यावर आकडा आहे ना, मग काळजी कसली! पण तो आकडा उत्पादकाचा आहे. दुकानाने ठरवलेला भाव रॅकवरच्या पट्टीवर असतो आणि तुम्ही प्रत्यक्षात देता तो भाव दुकानाच्या संगणकातल्या यादीत असतो.

बारकोडच्या रेघांखालच्या तेरा अंकांत किंमत नसते. भारतात घेतलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात, पुढचे अंक कंपनी आणि वस्तू सांगतात आणि शेवटचा अंक तपासणीचा. (दुकानातच वजन करून चिठ्ठी लावलेली भाजी किंवा सुकामेवा याला अपवाद, तिथे रेघांत वजन किंवा रक्कम गुंफलेली असू शकते.) यंत्र तो क्रमांक वाचून यादीतून भाव उचलतं. कंपनी चहाची एमआरपी २६० वरून २८५ करते, पण पुडा तोच, वजन तेच, म्हणून बारकोड बहुधा तोच राहतो. आता दुकानात दोन्ही माल आहेत आणि यंत्राच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे.

म्हणून आपल्याकडच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाच बारकोडला अनेक एमआरपी ठेवण्याची सोय असते. स्कॅन केल्यावर पडद्यावर छोटी खिडकी उघडते: एमआरपी २८५, भाव २६५; एमआरपी २६०, भाव २४९. कॅशियरने पुडा उलटून छापील आकडा पाहायचा आणि योग्य ओळ निवडायची. रांग लांब असली की वरची ओळ निवडून पुढे जायची सवय लागते. माझ्या बाबतीत हेच झालं होतं, सुपरवायझरनेच मला ती खिडकी दाखवली. पुडा जुन्या मालातला होता, पट्टी जुन्या मालाची होती, बिल नव्या मालाचं झालं.

दुसरं नेहमीचं कारण वेळेचं. ऑफर रविवारी रात्री संपते, यंत्रातला भाव मध्यरात्री आपोआप बदलतो, पण कागदी पट्टी माणसाला जाऊन काढावी लागते. ती सोमवारी दुपारपर्यंत तशीच राहिली तर तोपर्यंत आलेला प्रत्येक जण जुना भाव वाचून नवा भाव देतो. आणि कधी कधी पट्टी बरोबर असते, पण शेजारच्या वस्तूची: २०० मिलीच्या पट्टीसमोर १८० मिलीची बाटली सरकलेली असते. पट्टीवर बारीक अक्षरांत वस्तूचं नाव, माप आणि बहुतेक वेळा बारकोडचे अंक असतात. त्यातले शेवटचे चार अंक पुड्याशी जुळतात का पाहिलं तर हा घोटाळा जागीच कळतो.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर या दोन चुका सारख्या नाहीत. छापील २६० च्या पुड्याला २६५ घेणं हा सरळ वैधमापनशास्त्राच्या नियमांचा भंग. तिथे वाद घालायला जागा नाही, पुडा आणि बिल हाच पुरावा. पण समजा माझं बिल २५५ चं झालं असतं, म्हणजे पट्टीपेक्षा जास्त आणि छापापेक्षा कमी, तर वैधमापन निरीक्षकाला तिथे पकडण्यासारखं काही नव्हतं. तो प्रश्न ग्राहक संरक्षण कायद्याचा होतो. १९८६ च्या मूळ कायद्यात जादा किमतीची तक्रार दोनच आधारांवर करता येई: कायद्याने ठरवलेला भाव आणि वस्तूवर वा वेष्टनावर दाखवलेला भाव. २००२ च्या दुरुस्तीने त्यात कायद्यानुसार लावलेला भावफलक आणि दोघांत ठरलेला भाव यांची भर पडली, आणि २०१९ च्या कायद्यातही तेच आहे. रॅकवरची पट्टी यातल्या कशातही नावानिशी नाही. करार काउंटरवर होतो, रॅकवर नव्हे, असंही दुकान म्हणू शकतं. म्हणून अशा तक्रारीचा भक्कम आधार असतो तो किमतीबाबत दिशाभूल करण्याचा, जी अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत येते. मला वाटतं पट्टीचा उल्लेख कायद्यात स्पष्ट यायला हवा. खरेदीचा निर्णय माणूस रॅकसमोर उभा राहूनच घेतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये या आकड्यांचं नातं काही महिन्यांपुरतं उलटं झालं. २२ तारखेपासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं अशा वस्तूंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कर धरून ११८ रुपये छापलेल्या पाकिटात १८ रुपये कराचे असतील तर नव्या दराने ते १०५ ला पडायला हवं. न विकलेल्या मालावर कमी किमतीची चिकटपट्टी लावायची मुभा सरकारने दिली, पण दुकानात पडलेल्या प्रत्येक पाकिटावर ती लागणं शक्य नव्हतं. त्यामुळे त्या दिवसांत छापील आकडा जुना आणि यंत्रातला खरा, अशी स्थिती आली. बिलात १०५ लागले की ठीक. ११८ लागले तर छापापेक्षा जास्त नाहीत एवढ्यावर समाधान मानायचं कारण नव्हतं.

चहाच्या त्या पुड्यापासून मी महिन्याचं सामान भरताना ज्यांची ऑफर पाहून घेतो त्या दोन-तीन वस्तूंच्या पट्टीचा फोटो काढतो आणि बिल काउंटरजवळच उभं राहून वाचतो. आधी एमआरपीचा रकाना छापाशी जुळवायचा. तो जुळला नाही तर चुकीची ओळ निवडली गेली आहे, भाव काहीही असो. पैसे द्यायच्या आधी लक्षात आलं तर वस्तू बाजूला ठेवायचा पूर्ण हक्क असतो. नंतर लक्षात आलं आणि दुकानाने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. छापापेक्षा जास्त घेतलं असेल तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात तक्रार करायची, आणि तेवढ्यासाठी तो पुडा न फोडता जपून ठेवायचा.